दारू पोटात जाते, मग त्रास फुप्फुसांना का?

प्रश्न: माझ्या वडिलांना बरीच वर्षे दमा आहे, आता डॉक्टर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, म्हणतात. ते रोज रात्री एक क्वार्टर घेतात आणि म्हणतात की घेतली की छाती मोकळी होते. पण पहाटे खोकून खोकून उठून बसतात. डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितली आहे. दारू तर पोटात जाते, तिचा फुप्फुसांशी काय संबंध?

उत्तर: मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. तुमच्या वडिलांना तपासलेले नसल्याने हे उत्तर सर्वसाधारण माहितीपुरते समजावे.

छाती मोकळी वाटते हा वडिलांचा अनुभव खोटा नाही. अल्कोहोलमुळे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू काही काळ थोडे सैल पडतात आणि धाप लागल्याची जाणीवही बोथट होते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर या डॉक्टरांनी दम्याच्या झटक्यावर मद्याचा उपचार म्हणून वापर केला होता आणि त्याविषयी लिहिलेही होते. मात्र हा आराम पहिल्या एकदोन तासांचा असतो, आणि खरा त्रास त्यानंतरच्या तासांत होतो.

दारू फुप्फुसांपर्यंत पोहोचते याचा पुरावा पोलिसांच्या हातातल्या श्वास तपासणी यंत्रात दिसतो. रक्तातले अल्कोहोल श्वासनलिकांच्या अस्तरातून हवेत उतरते, श्वासाबरोबर वर येते, आणि त्यातले काही वाटेतल्या थंड, ओलसर अस्तरावर पुन्हा जिरते. म्हणजे रक्तात दारू आहे तोवर हे अस्तर तिच्यात भिजत राहते. किती वेळ, तेही काढता येते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल धरले, तर सुमारे ७७ मिली म्हणजे वजनाने ६० ग्रॅमच्या आसपास होते. शरीर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. त्यामुळे आठ वाजता सुरू करून दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे दोनतीन, कधी चार वाजेपर्यंत रक्तात असते.

या अस्तरावर अतिसूक्ष्म रोम असतात. ते सेकंदाला दहापंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि धूळ, जंतू व बेडका घशाकडे ढकलत नेतात. प्रयोगांत असे दिसले आहे की अल्कोहोलचा थोडा वेळ संबंध आला तर या रोमांची गती उलट वाढते. पण तो संबंध दिवसेंदिवस चालू राहिला की त्यांची प्रतिसाद देण्याची शक्तीच मंदावते. रोम हलत असतात, पण धूर किंवा जंतू आल्यावर गती वाढवायची ती वाढत नाही. फुप्फुसांत खोलवर जंतू गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याही दीर्घकाळ नियमित व जास्त पिणाऱ्यांमध्ये सुस्त होतात, कारण त्यांचे रक्षण करणारे ग्लुटाथिओन हे द्रव्य तेथे कमी पडते. निरोगी माणसाचे यावाचून काही काळ निभते. सीओपीडीमध्ये मात्र तंबाखूच्या किंवा चुलीच्या धुराने हे रोम आधीच झडलेले असतात आणि बेडका दाट असतो. तेथे उरल्यासुरल्या रोमांनाही मंद केले, तर एरवी साध्या सर्दीवर भागले असते तेथे आजार बळावून रुग्णालय गाठावे लागते.

आता पहाटेच्या खोकल्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची खूण तीच आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, स्नायूंचे एक कडे असते, जे एरवी घट्ट मिटलेले राहते. दारूने ते सैल पडते. कडक दारूने जठर रिकामे होण्यासही उशीर लागतो, आणि सोबत तळलेला, तिखट चकणा व वर जेवण असेल तर भरल्या पोटानेच माणूस आडवा होतो. मग आम्ल वर चढते आणि दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की अन्ननलिकेच्या खालच्या भागाला आम्ल नुसते लागले, तरी तेथील मज्जातंतूंच्या वाटे श्वासनलिका आवळल्या जातात. त्यासाठी फुप्फुसात काहीही जावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत उतरणे हे निरोगी माणसातही होते. ठसका लागतो किंवा रोम ती बाहेर काढतात. दारूच्या गुंगीत ठसक्याची ही प्रतिक्रिया मंदावते, आणि सीओपीडीच्या रुग्णात गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ आधीच बिघडलेला असतो. त्यामुळे जठरातले आम्ल, पाचकरस, अन्नकण आणि तोंडातले जंतू थेंबाथेंबाने आत जातात व अस्तर पोळत राहते. पहाटे दारू उतरली की ठसका जागा होतो, आणि आत साचलेले बाहेर काढण्यासाठी माणूस उठून बसतो. मोठा घोट गेला तर न्यूमोनिया होतो. उताणे झोपलेल्या माणसात तो बहुधा फुप्फुसाच्या मागच्या भागात आणि उजवीकडे जास्त आढळतो, कारण उजवी श्वासनलिका अधिक रुंद व सरळ असते. एक्स-रेवर पुन्हापुन्हा त्याच जागी डाग दिसत असेल किंवा बेडक्याला दुर्गंधी येत असेल, तर ही शक्यता डॉक्टरांपुढे जरूर मांडा.

छातीत जळजळ होत नाही, म्हणून हे नसेलच असे समजू नये. अनेकांना जळजळ अजिबात होत नाही. सकाळी बसलेला आवाज, तोंडाला आंबट चव, आडवे होताच येणारा खोकला आणि न पिलेल्या रात्री बरी लागलेली झोप, या खुणा पाहाव्यात. दोन आठवडे एका वहीत दारू किती व केव्हा घेतली, खोकला किती वाजता आला आणि पंप किती वेळा लागला हे लिहून ठेवलेत, तर डॉक्टरांना कुठल्याही तपासणीइतकाच त्याचा उपयोग होईल.

आम्लपित्ताची गोळी घेऊन पिणे चालू ठेवावे, असा विचार बरेच जण करतात. ही गोळी आम्लाची तीव्रता कमी करते, वर चढणे थांबवत नाही. पाचकरस व जंतू जायचे ते जातातच. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आटोक्यात नसलेला दमा असलेल्या पण जळजळ नसलेल्या रुग्णांना अशा गोळीचा फायदा झाला नाही. वडील थिओफायलीन घेत असतील तर तेही सांगा, कारण त्यानेही ते स्नायूंचे कडे सैल पडते.

अधूनमधून एखादा पेग घेणाऱ्याला हे सगळे लागू होते, असे मात्र मी म्हणणार नाही. शिवाय जास्त पिणाऱ्यांत धूम्रपान करणारेही पुष्कळ असल्याने, सीओपीडी दारूनेच झाला असे ठामपणे म्हणता येत नाही. असलेला आजार ती बिघडवते, एवढे म्हणता येते. (वाइन घेतल्यावर काही मिनिटांतच दमा उसळतो, ते प्रकरण वेगळे, त्यात बहुधा वाइनमधली सल्फाइटे कारणीभूत असतात.)

रात्रीपुरते सांगायचे तर शेवटचा घास किंवा घोट आणि आडवे होणे यांत किमान तीन तास असावेत, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो अर्धा फूट उंच करावा. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि त्रास वाढतो. झोपेच्या गोळ्या किंवा गुंगी आणणारी खोकल्याची औषधे दारूसोबत अजिबात देऊ नयेत. सीओपीडीच्या रुग्णात त्यामुळे श्वास मंद होऊन कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी उठवूनही नीट जाग येत नसेल, बोलणे असंबद्ध असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थेट रुग्णालयात न्यावे.

दारू बंद करायला लावताना मात्र बाटली एका रात्रीत काढून घेऊ नका. रोज क्वार्टर घेणाऱ्या काही जणांना अचानक थांबल्यावर पहिल्या दोनतीन दिवसांत हातांना कंप सुटतो, भास होतात, क्वचित आकडीही येते, आणि कमजोर फुप्फुसांच्या माणसाला ते झेपत नाही. त्यासाठीची औषधे श्वास मंद करू शकतात, म्हणून ती घरी आपल्या मनाने न देता, सीओपीडी आहे हे आधी सांगून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.