स्लाइस मोजून पिझ्झाचा भाव निघत नाही

> मीडियम ४२० ला, त्यात सहा स्लाइस. लार्ज ६५० ला, त्यात आठ. म्हणजे स्लाइसमागे ७० आणि ८१. मेनूवर १० इंच आणि १३ इंच लिहिलंय. चौघं खाणारे आहोत. लार्ज महागच पडतोय ना?

नाही, लार्ज स्वस्त पडतोय. घोळ स्लाइस मोजण्यात आहे, आणि तो इतक्या जणांचा होतो की जरा सविस्तरच लिहितो.

स्लाइस हे माप नाही. पिझ्झाचे सहा तुकडे करायचे की आठ, हे कापणारा ठरवतो. तेवढ्याने खाणं वाढत किंवा कमी होत नाही. तुमच्या मीडियमचा एक स्लाइस साधारण १३ चौरस इंचांचा आहे आणि लार्जचा साडेसोळा. म्हणजे लार्जचा एक स्लाइस मीडियमच्या सव्वा स्लाइसएवढा. ७० आणि ८१ ची तुलना केलीत तेव्हा दोन वेगळ्या आकाराच्या वस्तूंचे नगावर भाव लावले गेले.

यात आणखी एक जोडघोळ असतो, आणि पैशाचं खरं नुकसान तोच करतो. लोक इंचांकडे बघतात, १० वरून १३ म्हणजे ३० टक्के वाढ धरतात, आणि भाव ४२० वरून ६५० म्हणजे जवळपास ५५ टक्क्यांनी वाढलेला दिसला की लुबाडल्यासारखं वाटून मीडियम घेतात. पण मेनूवरचा इंच हा व्यास आहे. पोटात जातं ते क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. १० चा वर्ग १००, १३ चा १६९. माल ६९ टक्क्यांनी वाढला, पैसे ५५ टक्क्यांनी. फायदा तुमचा आहे.

हिशेबाला ३.१४ लागतही नाही. दोन्ही पिझ्झा गोल असले की तो दोन्हीकडे सारखाच येतो आणि तुलनेतून निघून जातो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर किमतीला व्यासाने दोनदा भागा:

```
४२० ÷ १० ÷ १० = ४.२०
६५० ÷ १३ ÷ १३ = ३.८५
```

आकडा लहान तो स्वस्त. खरोखर चौरस इंचाचा भाव हवा असेल तर याच आकड्यांना १.२७ ने गुणा: मीडियम सुमारे ५ रुपये ३५ पैसे, लार्ज ४ रुपये ९० पैसे. मेनूवर सेंटिमीटर दिले असतील तरी पद्धत तीच, फक्त दोन्हीकडे एकच एकक हवं. एक पिझ्झा गोल आणि दुसरा चौकोनी असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे सरळ बाजू गुणिले बाजू करा आणि गोलाचं क्षेत्रफळ पूर्ण काढा, कारण १० इंची चौकोनात १०० चौरस इंच असतात आणि १० इंची गोलात साडेअठ्ठ्याहत्तरच.

आता जिथे हिशेब बरोबर करूनही माणूस फसतो तो भाग. मेनूवरचा आकडा आणि खोक्यातला पिझ्झा एकच असतील असं नाही. हाताने पसरलेला मैदा नीट मुरला नसेल तर ओढल्यावर परत आक्रसतो, आणि घाईच्या वेळी १३ चा साडेबारा सहज होतो. अर्धा इंच किरकोळ वाटतो, पण तो वर्गात जातो. तुमच्याच आकड्यांत बघा: लार्ज साडेबारा इंच निघाला तर भागाकार ३.८५ वरून ४.१६ वर येतो, म्हणजे मीडियमच्या ४.२० ला जवळजवळ चिकटतो. १२.४ इंचांच्या खाली गेला तर मीडियमच स्वस्त. म्हणून एकदा तरी टेप लावाच. खोकं उघडलं की स्लाइस सुटे करण्याआधी मधोमध एक माप, मग काटकोनात दुसरं माप, दोन्हींची सरासरी. खोक्याची बाजू मोजू नका; खोकं पिझ्झापेक्षा थोडं मोठंच असतं. मीडियमही त्याच प्रमाणात लहान येत असेल तर तुलना बिघडत नाही, म्हणून दोन्ही आकार एकेकदा मोजलेले बरे.

आणि इथे थोडा राग काढतो. ॲपवर फक्त ‘दोघांसाठी’, ‘चौघांसाठी’ लिहिणारी दुकानं आहेत. फोन करून इंच विचारले की पलीकडून पुन्हा ‘सर, लार्ज चार जणांना पुरतो’ एवढंच. कोणते चार जण? माप विचारलंय, माप सांगा. ज्या दुकानाला आपल्या पिझ्झाचा व्यास सांगता येत नाही तिथे लार्जवर पैसे लावू नयेत, हे माझं ठाम मत. गल्लीतला दुकानदार बरा. तो निदान पॅन दाखवतो. पॅन मोजताना तळाचा व्यास घ्या, वरच्या कडेचा नको.

कडेचं गणित वेगळं करून बघण्यासारखं आहे, विशेषतः घरात मुलं असतील तर, कारण कडेचा कोरडा पाव ती ताटातच टाकतात. कड एक इंचाची धरली तर चीज आणि टॉपिंग असलेला भाग मीडियममध्ये ८ इंच व्यासाचा उरतो, लार्जमध्ये ११ इंचांचा. मीडियममध्ये ३६ टक्के भाग नुसती कड, लार्जमध्ये २८ टक्के. मधल्या भागाचाच भाव लावला तर मीडियम सुमारे ८ रुपये ३५ पैसे चौरस इंच आणि लार्ज ६ रुपये ८५ पैसे. म्हणजे कड न खाणाऱ्या घरात लार्ज ७९४ रुपयांपर्यंत गेला तरी तुमच्या ४२० च्या मीडियमची बरोबरी करतो. कड अर्ध्या इंचाची असेल तर फरक एवढा पडणार नाही; आपल्या दुकानाची कड बघून आकडे बदला.

डिलिव्हरी आणि पॅकिंगचं काय करायचं, असा प्रश्न पुढे येतोच. टक्क्यांत लागणारा कर दोन्हींना सारख्या प्रमाणात चढतो, तुलना हलत नाही, सोडून द्या. ठरावीक रकमेचा खर्च मात्र किमतीत मिळवूनच भागाकार करा. ४० रुपये डिलिव्हरी धरली तर मीडियम ४.६० आणि लार्ज ४.०८, अंतर वाढलं. ठरावीक खर्च नेहमी मोठ्या आकाराच्या बाजूने झुकतो.

ऑफर सगळं उलटं करते, तेवढं लक्षात ठेवा. व्यासाच्या वर्गांत मोजलं तर दोन मीडियम मिळून २०० (१०० अधिक १००), एक लार्ज १६९. दुसरा मीडियम अर्ध्या किमतीत मिळत असेल तर ६३० ला २००, म्हणजे ३.१५, आणि लार्ज सपशेल मागे पडतो. एकावर एक फुकट असेल तर विचारायलाच नको. अशा ऑफर मीडियमवर असतील आणि लार्जवर नसतील, तर लार्जचा स्वस्तपणा त्या दिवसापुरता विसरा. फक्त कूपन लावल्यावर मूळ किंमत तीच राहिली आहे ना, हे कार्टमध्ये बघा. काही ठिकाणी ऑफरचा मीडियम वेगळ्या, चढ्या यादीतून येतो.

आता लार्जच्या विरोधातला खरा मुद्दा, जो बहुतेक जण धरत नाहीत. स्वस्त भाव संपवलेल्या पिझ्झाचा असतो. तुमच्या लार्जमध्ये १३२.७ चौरस इंच आहेत. मीडियमच्या भावाने ६५० रुपयांत साधारण १२१ चौरस इंच आले असते. म्हणजे ११ चौरस इंच, एका स्लाइसच्या दोन तृतीयांश एवढं, कचऱ्यात गेलं की लार्जचा सगळा फायदा गेला. चौघं असाल तर लार्जमध्ये प्रत्येकी दोन स्लाइस, ३३ चौरस इंच. भूक मोठी असेल तर ते कमी पडेल आणि मग ऑफर नसतानाही दोन मीडियम घेणं योग्य: ८४० रुपये, प्रत्येकी तीन स्लाइस, ३९ चौरस इंच. भाव महाग, पण नंतर भूक राहिली म्हणून गार्लिक ब्रेड मागवायची वेळ येत नाही.

जाडीबद्दल. वरचं सगळं एकाच प्रकारच्या बेसला लागू. थिन क्रस्टचा लार्ज आणि पॅनचा मीडियम यांची चौरस इंचावर तुलना करू नका; तिथे वजनच बघावं लागतं. एकाच बेसमध्येही लार्ज पातळ पसरून दिलेला असू शकतो. नीट चालणाऱ्या स्वयंपाकघरात गोळ्याचं वजन क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरतात: १० इंचाला २२० ग्रॅम असेल तर १३ इंचाला ३७० च्या आसपास हवा. ओळखीच्या दुकानात गोळा किती ग्रॅमचा, एवढं विचारा. ३०० सांगितलं तर मैद्यात हात आखडलाय. घरी बघायचं तर टोक धरून स्लाइस उचला. दोन्ही आकारांचे गरम स्लाइस सारखेच वाकले तर ठीक. लार्जचा लगेच मान टाकत असेल आणि मधे बेस दिसत असेल, तर जाडी आणि चीज दोन्ही कमी आहेत.

एक्स्ट्रा चीजचंही तसंच. मीडियमवर ७५ आणि लार्जवर ११० घेत असतील तर भाव दीडपटीच्या आत वाढला आणि जागा १.६९ पट; हे स्वस्त वाटतं. पण मीडियमवर ५० ग्रॅम पडत असेल तर लार्जवर ८५ पडायला हवं. बहुतेक ठिकाणी मूठ तीच असते. ग्रॅम सांगत नसतील तर लार्जवर एक्स्ट्रा चीज घेऊ नये.

भाव तुम्ही दिलेलेच धरले आहेत. तुमच्या शहरात, तुमच्या दुकानात वेगळे असतील तर दोनदा भागण्याची रीत तीच. चवीचा यात विचार नाही; मीडियम नीट भाजून येतो आणि लार्ज मधे ओला राहतो अशी भट्टी असेल, तर मीडियमच घ्या.

उरलेला स्लाइस तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये, बंद डब्यात. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह नको, बेस चिवट होतो. जाड तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा, तळ कडक झाला की तव्याच्या कडेला अर्धा चमचा पाणी टाकून झाकण ठेवा. चीज मऊ झालं की काढा.