डबा उघडण्याआधी दोनदा मॅक्स मोज

प्रिय पोरा,

क्रिएटिनचा डबा आणलास म्हणे. अजून दोन आठवडे तो फोडू नकोस. आधी तुझा स्क्वॉटचा मॅक्स एका आठवड्याच्या अंतराने दोनदा मोज. झोप, जेवण, ऊन यांनी एकाच माणसाचा मॅक्स अडीच-पाच किलो सहज हलतो. तो हलणारा पट्टा ठाऊक नसला, तर पुढची वाढ डब्याची की चांगल्या दिवसाची, कळणार कसं?

मागच्या वर्षी माझ्याकडच्या एका पोराने पहिल्या चाचणीत १४० उचलले, आठवड्याने १४२.५. क्रिएटिनचा कणही पोटात नव्हता. मग रोज ५ ग्रॅम मोनोहायड्रेट, सुट्टीच्या दिवशीही. जास्त डोसचं लोडिंग केलं नाही. लोडिंगशिवाय स्नायू क्रिएटिनने भरायला तीन-चार आठवडे लागतात, एवढंच. आठ आठवड्यांनी त्याने १५० मारले. हा फरक पट्ट्याच्या बाहेरचा आहे. तरी सगळं श्रेय क्रिएटिनला देऊ नकोस. क्रिएटिनमुळे सेटमध्ये एखादा रेप जास्त निघतो, आणि त्या जास्तीच्या कामातून ताकद चढते. सराव ढिला ठेवलास तर वजनकाटा वाढेल, बार नाही.

तिन्ही चाचण्या सारख्या घे: तोच बार, त्याच प्लेटा, तोच कंबरपट्टा, तेवढीच खोली. तालुक्याच्या जिममधल्या प्लेटांवरचे आकडे नेहमी खरे नसतात. धान्याच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा मोजून खडूने खरं वजन लिही. आणि वेळ सकाळचीच ठेव. मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडखाली मॅक्स मारायचा नाही.

१४० च्या अंदाजाला चढण अशी: रिकामा बार ८ वेळा, ६० पाचदा, ९० तीनदा, ११० दोनदा, मग १२५ आणि १३५ एकेकदा. जड सिंगलांमध्ये चार-पाच मिनिटं बस. सेफ्टी रॉड तुझ्या सर्वांत खालच्या स्थितीच्या जरासे खाली लाव आणि रिकाम्या बारने तपास. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा, आणि ‘धर’ म्हटल्यावर दोघांनी एकदमच धरायचं, हे आधी ठरव. रॉड नसतील तर मॅक्स मारूच नकोस. तीन-चार रेपचा जड सेट घेऊन अंदाज काढ. १२५ किलोचे चार रेप निघाले तर

```
125 × (1 + 4/30) ≈ 141.7
```

कंबर वाकली किंवा गुडघे आत पडले तर तो प्रयत्न फसला, बार वर आला असला तरी. वहीत तसंच लिही.

अजून दोन गोष्टी. त्या पोराचं वजन ७२.८ वरून ७४.१ झालं. स्नायूत पाणी साठतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण तो ७४ च्या गटात खेळतो. स्पर्धा तोंडावर असताना सुरू करू नकोस. आणि किडनीचा काही त्रास असला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय डबा फोडायचाच नाही. पुढे कधी रक्ततपासणी झाली, तर क्रिएटिन घेतोस हे आधी सांग; रिपोर्टमधलं क्रिएटिनिन त्यामुळे थोडं वर दिसू शकतं.

पहिल्या दोन चाचण्यांचे आकडे पाठव, मग बोलू.

तुझा,
काका