भरतीची तारीख ऐनवेळी मिळाली, तर रजेच्या अर्जात काय लिहावं?

प्रश्न: "मॅडम, मी सातपूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. हॉस्पिटलमधून शुक्रवारी फोन आला, मंगळवारी भरती व्हा म्हणून. आमच्याकडे रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा नियम आहे. एवढ्या उशिरा अर्ज का देतोय, हे कसं लिहू? साहेबांना वाटेल की याला आधीच ठाऊक होतं. आणि आजाराचं सगळं सांगावंच लागतं का?"

दादा, साहेबांच्या मनात काय येईल, हे तुम्ही बरोबर ओळखलं आहे. म्हणून अर्जात सगळ्यात नीट लिहायची गोष्ट आजार ही नसून तारखांचा क्रम ही आहे. उपचाराचा सल्ला कधी मिळाला, तारीख कशासाठी अडली होती आणि ती नेमकी कोणत्या दिवशी कळली, या तीन गोष्टी वाचणाऱ्याला ओळीनं दिसल्या की त्याच्या मनातल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. त्या दिसल्या नाहीत, तर आजाराचं कितीही वर्णन केलं तरी तो प्रश्न तसाच राहतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचं उदाहरण सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या सिडकोत राहतात आणि अंबडच्या एका कंपनीत लेखा विभागात काम करतात. गर्भाशयातल्या गाठींमुळे त्यांना खूप रक्तस्राव व्हायचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला, पण तेव्हा हिमोग्लोबिन होतं ७.८. ते दहाच्या वर येईपर्यंत ऑपरेशन करायचं नाही, असं डॉक्टरांनी आणि भूलतज्ज्ञांनी सांगितलं. मग सलाईनमधून लोह देणं सुरू झालं. ते दिल्यावर रक्त भरून यायला काही आठवडे लागतात आणि किती लागतील हे आधी सांगता येत नाही. त्यातच पाळीत पुन्हा रक्त जात होतं. १३ नोव्हेंबरच्या गुरुवारी संध्याकाळी अहवाल आला, १०.४. रुग्णालयानं लगेच सांगितलं, सोमवारी १७ तारखेला भरती व्हा.

शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी त्या माझ्याकडे आल्या. अर्ज मोबाइलवर लिहून आणला होता. त्यात एकीकडे ऑपरेशन अचानक ठरल्याचं म्हटलं होतं, दुसरीकडे दोनदा क्षमा मागितली होती आणि शेवटी "घरगुती व वैद्यकीय अडचणीमुळे" असं मोघम कारण दिलं होतं. असा अर्ज का लिहिला जातो, हे मला पुरेपूर समजतं. विभागप्रमुख पुरुष, आजार असा की घरातसुद्धा हळू आवाजात बोलायचा. माणूस आडोसा शोधतो. पण या अर्जातली पहिली गोष्ट टिकणारी नव्हती. ऑक्टोबरमध्ये लोहाच्या सलाईनसाठी त्यांनी दोन-तीनदा अर्धा दिवस सुट्टी घेतली होती, ती साहेबांनी पाहिली होती. शिवाय रजेसाठी पुढे जो डिस्चार्जचा कागद द्यावा लागतो, त्यात आजार किती महिन्यांपासून आहे आणि आधी कोणते उपचार झाले, हे साधारणपणे लिहिलेलं असतं. अर्जात अचानक आणि कागदात दोन महिने, अशी विसंगती दिसली की खरा आजारसुद्धा संशयाखाली येतो.

मी त्यांना म्हटलं, "ऑक्टोबरमध्ये सल्ला मिळाला होता, हे आपणच लिहूया." त्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, मग साहेब म्हणतील तेव्हाच का नाही सांगितलं?" म्हणतील, हे खरंच. पण त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं आणि ते सरळ होतं: तेव्हा सांगायला तारीखच नव्हती. हे आपण होऊन सांगितलं तर तो खुलासा ठरतो, आणि विचारल्यावर सांगितलं तर तेच शब्द सबबीसारखे ऐकू येतात.

दुसरा प्रश्न होता की तारीख का अडली होती हे सांगताना आजार कसा टाळायचा. इथे मी आजाराचं नाव आणि अडण्याचं कारण वेगळं काढते. हिमोग्लोबिन, गाठी, रक्तस्राव यांतलं काहीही न लिहिता "तपासणीचा निकाल ठरावीक पातळीवर येईपर्यंत तारीख देता येत नव्हती" एवढं लिहिलं तरी ते पूर्ण सत्य असतं. आम्ही दोघींनी मिळून लिहिलेला अर्ज असा होता:

मा. व्यवस्थापक, लेखा विभाग

विषय: शस्त्रक्रियेसाठी १७ नोव्हेंबरपासून वैद्यकीय रजेबाबत

महोदय, मला सोमवार, १७ नोव्हेंबर रोजी शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. डॉक्टरांनी साधारण सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. तरी १७ नोव्हेंबर ते २८ डिसेंबर अशी रजा मंजूर करावी, ही विनंती.

शस्त्रक्रियेचा सल्ला मला ऑक्टोबरमध्ये मिळाला होता. परंतु एका तपासणीचा निकाल ठरावीक पातळीवर आल्याशिवाय तारीख देता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तो अहवाल काल, १३ नोव्हेंबर रोजी संध्याकाळी आला व रुग्णालयाने लगेच तारीख कळवली. त्यामुळे नियमाप्रमाणे १५ दिवस आधी अर्ज देता आला नाही. रुग्णालयाचे पत्र सोबत जोडले आहे.

या महिन्याच्या ३बी विवरणपत्रासाठी खरेदीची जुळवणी मी शनिवारपर्यंत पूर्ण करून देते. कर भरणे व विवरणपत्र दाखल करणे, एवढे काम २० तारखेपर्यंत सहकाऱ्यांना करावे लागेल. त्याच्या फाइली आज त्यांच्याकडे देत आहे.

क्षमायाचना यात नाही, ती मीच काढायला सांगितली. तारीख त्यांच्या हातात नव्हती, मग क्षमा कशाची? शेवटचा परिच्छेद मात्र त्यांचा स्वतःचा, आणि मला तो सगळ्यात आवडला. जीएसटीचं ३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं आणि खरेदीची जुळवणी ज्यावरून करतात ते २बी साधारण १४ तारखेला पोर्टलवर येतं. म्हणजे शुक्रवार-शनिवारात जे होऊ शकतं ते त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि जे होणार नाही तेवढंच दुसऱ्यांवर सोपवलं. ऐनवेळच्या रजेचा साहेबांना खरा त्रास असतो तो अडणाऱ्या कामाचा. त्याचं उत्तर इतकं नेमकं असलं की उशिराची बाब आपोआप मागे पडते. तुमचं काम मशीनवरचं असेल तर कोणती पाळी, कोणतं मशीन आणि ते कोणाला चालवता येतं, एवढं लिहा.

सोबत जोडायच्या पत्राकडे लक्ष द्या, कारण इथे बरेच जण अडकतात. भरतीच्या चिठ्ठीवर भरतीचा दिवस असतो, पण तो दिवस तुम्हाला कधी कळवला हे बहुतेक वेळा नसतं, आणि तुम्हाला सिद्ध करायचं असतं ते हेच. ताईंनी रुग्णालयाच्या काउंटरवर विनंती करून "यांना १३ नोव्हेंबर रोजी १७ नोव्हेंबरची भरतीची तारीख देण्यात आली" अशी एक ओळ लिहून घेतली. त्या पत्रावर स्त्रीरोग विभागाचं नाव न घालता फक्त रुग्णालयाचं नाव आणि शिक्का घ्यायलाही मी सांगितलं होतं. असं पत्र मिळालं नाही, तर तारीख कळवणारा मेसेज दिवसासह दाखवता येतो. तुम्हाला फोन आला आहे, तेव्हा त्यांच्याकडून तेच एकदा मेसेजवर मागून घ्या.

साहेबांनी त्यांना एकच विचारलं: आठवडाभर पुढे ढकलता येईल का? हा प्रश्न तुम्हालाही येईल, त्याची तयारी ठेवा. ताईंच्या बाबतीत पुढची पाळी आली असती तर रक्त पुन्हा उतरलं असतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. त्या साहेबांना एवढंच म्हणाल्या, "हा अहवाल थोड्याच दिवसांपुरता धरतात. पुढे गेलं तर उपचार पुन्हा करावे लागतील आणि मग तारीख कधी मिळेल ते सांगता येणार नाही." हे खोटं नव्हतं आणि पुरेसं होतं. तुमची तारीख खरोखर हलवता येण्यासारखी असेल, तर मात्र हे वाक्य उसनं घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तेच साहेबांना सांगा.

तुमची तारीख का अडली होती, ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. खाट रिकामी नसेल, दुसऱ्या रुग्णाची पाळी रद्द होऊन तुमचा नंबर लागला असेल, विम्याची मंजुरी यायची असेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होणार असतील, तर शस्त्रक्रियेआधी मंजुरी यावी लागते आणि ती कोणत्या दिवशी आली हे रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगू शकतात. तो दिवस अर्जात लिहिला की उशिराचं कारण पूर्ण होतं.

पंधरा दिवसांच्या नियमाबद्दल थोडं. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ७९ मध्ये कामगारानं पगारी रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी द्यावा असं होतं, आणि त्याच कलमात पुढे असंही होतं की हीच रजा आजारपणासाठी हवी असेल तर अर्ज मुदतीत आला नसला तरी ती द्यावी. लोकांना पहिला भाग पाठ असतो, दुसरा कुणी वाचलेला नसतो. आता केंद्राच्या नव्या कामगार संहितांमुळे ही जुनी चौकट बदलली आहे, म्हणून अर्जात कलमाचा आकडा टाकू नका. त्याऐवजी कंपनीच्या स्थायी आदेशात किंवा रजेच्या नियमांत आजारपणासाठी वेगळी तरतूद आहे का, ते मनुष्यबळ विभागात किंवा युनियनमध्ये आजच विचारा. असली तर तुमचा अर्ज त्या तरतुदीखाली द्या, म्हणजे पंधरा दिवसांचा मुद्दा बहुधा निघणारच नाही. कंपनीचा आरोग्य विमा वापरणार असाल, तर आजाराचं नाव विम्याच्या कागदात जाईलच, पण ते कागद तुमच्या सुपरवायझरच्या टेबलावरून जायची गरज नसते. ते थेट विमा पाहणाऱ्या माणसाकडे द्या.

आधी साहेबांना फोन करा, मग लगेच अर्ज पाठवा, सोमवारची वाट पाहू नका. तारीख कळल्याचा दिवस आणि अर्जाचा दिवस यांत जितकं कमी अंतर, तितका तुमच्या म्हणण्याला आधार. परत येण्याची तारीख अंदाजे आहे हेही लिहा, आणि घरी आल्यावर डॉक्टरांनी विश्रांती वाढवली तर ते त्याच दिवशी कळवा. ताईंची विश्रांती नंतर आठवडाभरानं वाढली, तेव्हा त्यांनी दोन ओळींचा मेल आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवलं. त्यावर कुणी काही विचारलं नाही.