फवारणी पंपाचं लिस्टिंग मराठी-हिंदीत कसं लिहावं?

प्रश्न: जालन्यातून ऑनलाइन बॅटरी पंप विकतो. इंग्रजी लिस्टिंग मराठी-हिंदीत केलं, पण वाचायला बोजड वाटतं. सर्चमध्येही येईल का?

उत्तर: शीर्षकात ‘विद्युत घट चलित फवारणी यंत्र’ असलं काही ठेवू नका. बीड-परभणीचा शेतकरी दुकानात मागतो तेच लिहा: ‘16 लिटर बॅटरी फवारणी पंप, डबल मोटर’. लिटर, व्होल्ट, मॉडेल नंबर इंग्रजी लिस्टिंगप्रमाणेच राहू द्या.

हिंदी मात्र मराठीवरून करू नका, ‘फवारणी’ तिकडे चालत नाही. ‘16 लीटर बैटरी स्प्रे पंप, दवाई छिड़कने की मशीन’ असं सरळ लिहा.

बरेच जण रोमनमध्ये टाइप करतात. म्हणून `favarni pump`, `fawarni pump` ही रूपं न दिसणाऱ्या कीवर्डच्या रकान्यात घाला, शीर्षकात नको. त्या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये असेल तर जपून. देवनागरीत काना-वेलांटीसुद्धा प्रत्येकी 3 बाइट खाते, म्हणून ‘फवारणी’ला 18 बाइट लागतात आणि `favarni`ला 7. मर्यादा ओलांडली की काही ठिकाणी अख्खा रकानाच धरला जात नाही.

जाहिरात चालवत असाल तर तिच्या सर्च टर्म रिपोर्टमध्ये ग्राहकाने टाइप केलेले शब्द जसेच्या तसे दिसतात. पुढची दुरुस्ती त्यावरूनच करा.