कंबरदुखी, गुडघेदुखी आणि सुटलेलं पोट असताना संबंध कसे ठेवावेत?

प्रश्न: माझं वय ५३. दोन वर्षांपूर्वी कंबरेची गादी सरकली, ऑपरेशन नाही, पण वाकलं की कळ येते. पोटही बरंच सुटलंय. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, तिला गुडघे टेकवता येत नाहीत. माझे गुडघे ठीक आहेत. संबंध ठेवायची इच्छा दोघांनाही आहे, पण दुसऱ्या दिवशी दोघंही कण्हत असतो. डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही. कोणती स्थिती बरी?

उत्तर: मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न पेशंट सहसा दार लोटून घेतल्यावर, निघता निघता विचारतात. त्यामुळे लाजू नका, आम्हाला त्याची सवय आहे.

आधी तुमच्या कंबरेचं बघू. कंबरदुखी सरसकट एकसारखी नसते. काहींना पुढे वाकल्यावर, बराच वेळ बसल्यावर, मोजे घालताना किंवा खोकताना दुखतं आणि जरा चालल्यावर मोकळं वाटतं. काहींचं नेमकं उलट असतं: उभं राहिल्यावर, चालल्यावर किंवा मागे झुकल्यावर दुखतं आणि खाली बसलं की आराम पडतो. वय वाढल्यावर मणक्यातली नळी अरुंद होते, तेव्हा हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारचं आहे.

हा फरक सांगण्याचं कारण असं, की कंबर दुखणाऱ्या सगळ्यांना वर्षानुवर्षं एकच सल्ला दिला गेला: दोघांनी एकाच कुशीवर झोपा, नवरा मागे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात नॅटली सिडोरकेविच आणि स्टुअर्ट मॅकगिल यांनी दहा जोडप्यांच्या कण्याची हालचाल संबंधांच्या वेळी कॅमेऱ्यांनी आणि सेन्सरनी मोजली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की ही कुशीवरची स्थिती पुरुषाची कंबर बरीच गोल करते. म्हणजे वाकल्यावर दुखणाऱ्यासाठी ती वाईटच. अशा पुरुषाला पत्नी हात-गुडघ्यांवर आणि तो मागे, ही स्थिती जास्त सोसते. पण तुमच्या घरी गुडघ्यांमुळे ती बाद होते.

म्हणून तुमच्यासाठी मी पलंगाची कड वापरायला सांगेन.

पत्नीने पलंगाच्या अगदी कडेला पाठीवर झोपायचं, नितंब काठावर आले पाहिजेत. त्यांच्या नितंबांखाली चार इंच जाडीचा कडक आधार ठेवा. मऊ कापसाची उशी दोन मिनिटांत चपटी होते, त्यापेक्षा घडी घातलेली चादर किंवा छोटा लोड बरा. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, त्याने त्यांची कंबर ताणली जाते. दोन्ही बाजूंना एकेक बुटका चौरंग किंवा स्टूल ठेवून तळवे त्यावर टेकवा. गुडघा साधारण काटकोनात राहतो, त्यावर वजन येत नाही, तो जमिनीला लागत नाही.

तुम्ही उभं राहायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. आपला साधा पलंग गादीसकट अठरा-वीस इंच उंच असतो, आणि उभ्या माणसाची जांघ तीसच्याही पुढे. मग माणूस वाकतो आणि कंबर धरते. तुमचे गुडघे चांगले आहेत तर जमिनीवर गुडघ्यांवर, धड सरळ ठेवून उभे राहा. मध्यम उंचीच्या माणसाची जांघ तेव्हा अठरा इंचांच्या आसपास येते. पलंग अठरा आणि वर चार इंचांचा आधार, म्हणजे बावीस. उरलेले चार इंच भरून काढायला गुडघ्यांखाली घडी घातलेली गोधडी किंवा सतरंजी घ्या. गुडघ्यांनाही मऊ लागतं. तुमचं माप वेगळं असेल, म्हणून टेप घेऊन आधी मोजा. हसू येईल, पण अंदाजाने केलेली उंची दहा मिनिटांनी कंबरेला कळते.

पोटाचा प्रश्नही यातच बराचसा सुटतो. एकमेकांवर झोपलं की दोन पोटं मधे येतात आणि वरच्याला पोहोचण्यासाठी कंबर वाकवावी लागते. इथे तुमचं धड उभं आणि त्यांचं आडवं, शिवाय नितंब उचललेले, त्यामुळे पोट त्यांच्यावर दाबलं न जाता वर राहतं.

हालचाल कंबरेतून नाही, खुब्यातून करायची. एकट्याने सराव करून पाहा: उभं राहून दोन्ही जांघांच्या घडीत बोटं ठेवा, पाठ सपाट ठेवून नितंब मागे न्या, मग पुढे आणा. हाताखालची घडी मिटते-उघडते पण कंबरेची खोबण तशीच राहते, तर बरोबर. खोबण भरून पाठ गोल झाली तर तिथे थांबायचं. वेग कमी ठेवा. ज्याला त्या दिवशी कमी दुखतंय त्याने जास्त हलायचं, हे दोघांत आधीच ठरवून घ्या.

एवढी तयारी नको असेल तेव्हा आडवं मांडता येतं. पत्नी पाठीवर, गुडघ्यांखाली जाड उशी. तुम्ही त्यांच्या काटकोनात एका कुशीवर, जांघ त्यांच्या नितंबाशी, आणि त्यांचे पाय तुमच्या कमरेवरून पलीकडे. कोणाचंच वजन कोणावर नाही आणि पोटं समोरासमोर येत नाहीत. तुमच्या कुशीखाली, बरगडी आणि खुब्याच्या मधल्या पोकळीत, टॉवेलची गुंडाळी घाला म्हणजे कणा एका बाजूला झुकत नाही. पत्नीच्या खुब्यातही झीज असेल, तर मात्र पाय फाकवावे लागणाऱ्या या दोन्ही रीती जपून. त्यांना कुशीवरची स्थिती, मांड्यांमध्ये उशी घेऊन, जास्त सोसेल. तेव्हा मागे असताना तुम्ही पाठ सरळ ठेवायची.

वेळेचंही बघा. झिजेच्या गुडघ्यांना सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडलेपण असतं आणि दिवसभराच्या कामानंतर ठणका. दुपारची विश्रांती किंवा संध्याकाळच्या अंघोळीनंतरचा वेळ बहुतेकांना जमतो. आधी पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याची पिशवी गुडघ्यांना लावा. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी असेल तर तिची वेळ त्यानुसार धरता येते का, हे त्यांना विचारा. नवी गोळी स्वतःहून घेऊ नका.

पाळी थांबण्याच्या वयात योनीत कोरडेपणा येतो. त्याने दुखलं की बाई अंग आखडते, आणि तो ताण कंबर-मांड्यांत जातो. बऱ्याच जणी याला गुडघेदुखीच समजतात. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं, ते वापरा. कंडोम वापरत असाल तर तेल नको, त्याने रबर कमजोर होतं. आणि तुम्हाला नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबॅलिन चालू असेल, तर त्याने काहींची इच्छा किंवा ताठरता कमी होते. ती गोळी अचानक बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

दुसऱ्या दिवशी जरासं जड वाटणं चालेल. पण कळ पायात उतरू लागली किंवा दोन दिवसांनीही कमी झाली नाही, तर ती स्थिती सोडा. आणि लघवी अडकली, दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पायांतली ताकद कमी झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.