ग्राफ सरळ आला म्हणून ऑर्डर शून्य होत नाही

प्रश्न: NO आणि H₂ च्या वर्कशीटमध्ये तक्ता आणि ग्राफ दोन्ही दिलेत. ग्राफ सरळ रेषा आहे, मग H₂ ची ऑर्डर शून्य ना? उत्तरात १ दिलीय. समीकरणात तर H₂ च्या आधी २ आहे! आणि k मला ०.०१६ येतो, उत्तरात २५०. नक्की कुठे चुकतंय?

उत्तर:

उत्तरपत्रिका बरोबर आहे. तुमच्या तीन चुका झाल्यात आणि तिन्ही अगदी नेहमीच्या आहेत. मी सदाशिव पेठेत बारावीचे केमिस्ट्रीचे क्लास घेते. दर वर्षी हा धडा आला की त्याच तीन चुका त्याच क्रमाने माझ्यासमोर येतात.

आधी ग्राफच्या उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा. तुम्हाला पाठ आहे ती सरळ रेषा दुसऱ्या ग्राफची आहे. तिथे उभ्या अक्षावर कॉन्सन्ट्रेशन असतं आणि आडव्या अक्षावर वेळ. त्या ग्राफवर रेषा सरळ खाली उतरत गेली तर ऑर्डर शून्य, कारण पदार्थ कितीही उरला असला तरी तो एकाच वेगाने संपतोय. तुमच्या वर्कशीटमध्ये मात्र उभ्या अक्षावर रेट आहे आणि आडव्यावर H₂ चं कॉन्सन्ट्रेशन. इथे वेळ कुठेच नाही. या ग्राफवर शून्य ऑर्डर असती तर रेषा चक्क आडवी झोपली असती: H₂ वाढवा, रेट ढिम्म हलत नाही. तापलेल्या प्लॅटिनमवर अमोनियाचं विघटन होताना, दाब पुरेसा असेल तर असंच होतं. धातूचा पृष्ठभाग आधीच अमोनियाने भरलेला असतो, त्यामुळे आणखी अमोनिया आला तरी त्याला बसायला जागा नसते.

तुमची रेषा चढती आहे. पण चढती आणि सरळ असणं एवढंच पुरेसं नाही, ती शून्यातून गेली पाहिजे. इथे वर्कशीट बनवणारे एक खोडी करतात, कधी मुद्दाम तर कधी जागा वाचवायला: उभा अक्ष शून्याऐवजी २० पासून सुरू करतात. मग पट्टी लावली तरी रेषा कोपऱ्यातून जाताना दिसत नाही. म्हणून डोळ्यावर विसंबू नका, आकडे वाचा. तुमच्या ग्राफवरचे तीन बिंदू असे आहेत (या ग्राफमध्ये NO कायम ८ ठेवलाय):

H₂ २ असताना रेट ३२, H₂ ४ असताना ६४, H₂ ६ असताना ९६.

कॉन्सन्ट्रेशनचे आकडे १०⁻³ मोल प्रति लिटरमध्ये आहेत आणि रेटचे १०⁻⁶ मोल प्रति लिटर प्रति सेकंदमध्ये. अक्षाखाली बारीक अक्षरात छापलेला हा दहाचा घात विसरला तर पुढे k मध्ये भलताच गोंधळ होतो, म्हणून तो पेन्सिलने मोठा करून लिहून ठेवा. आता २ वरून आणखी २ मागे, म्हणजे शून्यावर गेलं की रेट ३२ ने कमी होऊन बरोबर शून्य होतो. रेषा शून्यातून जाते, H₂ दुप्पट केला की रेट दुप्पट होतो, म्हणजे H₂ ची ऑर्डर १.

शून्यातून न जाणारी सरळ रेषाही असते बरं का. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइडच्या अभिक्रियेत H⁺ विरुद्ध रेट काढला की रेषा उभ्या अक्षाला वरच्या बाजूला छेदते, कारण आम्ल नसतानाही एका वाटेने अभिक्रिया चालूच असते. अशा ठिकाणी H⁺ ची ऑर्डर १ असं नुसतं लिहून टाकता येत नाही. पण हे तुमच्या पेपरात येणार नाही, सोडून द्या.

आता तक्ता.

| प्रयोग | NO | H₂ | सुरुवातीचा रेट |
|---|---|---|---|
| १ | ४ | २ | ८ |
| २ | ८ | २ | ३२ |
| ३ | १२ | ६ | २१६ |

पहिल्या दोन ओळींत H₂ तोच आहे. NO दुप्पट झाला आणि रेट चौपट, म्हणजे २ चा वर्ग. NO ची ऑर्डर २. इथपर्यंत तुमचंही बरोबर आलं असणार.

गंमत तिसऱ्या ओळीत आहे. तिथे दोन्ही पदार्थ बदललेत. माझ्याकडे एक मुलगी होती, हुशार, पण अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवायची. "मॅडम, एक स्थिर ठेवल्याशिवाय कसं काढणार?" तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. दोन्ही ऑर्डर माहीत नसतील आणि हाताशी ही एकच तुलना असेल, तर खरंच काढता येत नाही. पण NO ची ऑर्डर आपल्याला पहिल्या दोन ओळींनी आधीच दिलीय. मग दुसरी आणि तिसरी ओळ घ्या. NO ८ वरून १२ झाला, म्हणजे दीडपट, आणि दीडचा वर्ग २.२५. रेट ३२ वरून २१६ झाला, म्हणजे ६.७५ पट. त्या ६.७५ मधला २.२५ पटींचा वाटा NO चा. तो भागून टाकला की ३ उरतो. H₂ सुद्धा ३ पटच झालाय. तिप्पट H₂ ने रेट तिप्पट, म्हणजे पुन्हा ऑर्डर १. ग्राफनेही हेच सांगितलं होतं. वर्कशीटमध्ये दोन्ही दिलेत ते यासाठीच. H₂ ची ऑर्डर दोन वाटांनी निघते, आणि उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी आकडा चुकीचा वाचलाय असं समजायचं.

राहिला समीकरणातला २. समीकरण 2NO + 2H₂ → N₂ + 2H₂O असं आहे, आणि त्यावरून ऑर्डर लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. NO च्या बाबतीत २ आणि २ जुळतात, त्यामुळे तो मोह आणखी पक्का होतो. पण समीकरण फक्त हिशोब सांगतं: किती गेलं, किती आलं. कशाला वेळ लागतो ते त्यात नसतं. या अभिक्रियेसाठी सहसा असा मार्ग दिला जातो: आधी दोन NO झटकन एकत्र येऊन N₂O₂ बनतो आणि तितक्याच झटकन सुटतोही. मग तो एका H₂ शी मिळून N₂O आणि पाणी देतो, ही पायरी मंद. शेवटी N₂O दुसऱ्या H₂ शी झटकन अभिक्रिया करून N₂ आणि पाणी देतो. दुसरा H₂ येतो तो मंद पायरी पार पडल्यावर. स्वारगेटच्या कोंडीतून सुटलेल्या गाडीला पुढे रस्ता कितीही मोकळा मिळाला तरी पोहोचायचा वेळ कोंडीनेच ठरतो, तसं. म्हणून त्या दुसऱ्या H₂ चा रेटच्या सूत्रात पत्ता नाही. रेटचं सूत्र असं:

```
rate = k[NO]²[H₂]
```

एकूण ऑर्डर ३. याचीही पडताळणी तक्त्यातच आहे. पहिल्या ओळीपासून तिसरीपर्यंत दोन्ही पदार्थ ३ पट झालेत, आणि रेट ८ वरून २१६, म्हणजे २७ पट. ३ चा घन.

आता k. तुम्ही ग्राफचा उतार काढलात: ३२ × १०⁻⁶ भागिले २ × १०⁻³, म्हणजे ०.०१६. गणित चोख आहे, नाव चुकलंय. हा उतार k नाही. ग्राफ काढताना NO ८ वर धरून ठेवला होता, त्यामुळे उतारात k बरोबर NO चा वर्गही लपलेला आहे. ८ × १०⁻³ चा वर्ग ६४ × १०⁻⁶. ०.०१६ ला त्याने भागा, २५० येतात. NO ४ वर धरून हाच ग्राफ काढला असता तर उतार ०.००४ आला असता, पण k तोच २५०. तापमान बदललं नाही तर k बदलत नाही, उतार मात्र दुसऱ्या पदार्थाप्रमाणे बदलतो.

हीच चूक मी स्वतः बारावीच्या प्रिलिमला केली होती. उतार काढला, खाली दोन रेघा मारून "k =" लिहिलं आणि आनंदात पुढच्या प्रश्नाकडे गेले. तीनपैकी एकच मार्क मिळाला. तपासणाऱ्या सरांनी शेजारी लाल पेनने फक्त "युनिट?" एवढंच लिहिलं होतं. मी तेव्हा चिडले, पण सगळं त्यात होतं. रेटला कॉन्सन्ट्रेशनने भागलं की "प्रति सेकंद" उरतं, आणि ते पहिल्या ऑर्डरच्या k चं युनिट. एकूण ऑर्डर ३ असेल तर k चं युनिट L² mol⁻² s⁻¹ यायला हवं. तुमच्या ०.०१६ पुढे युनिट लिहिलं असतंत तर तिथेच पाल चुकचुकली असती.

तुमच्या वर्कशीटचे आकडे घोटून गुळगुळीत केलेले आहेत. प्रॅक्टिकलला रेट ८ आणि ३२ येत नाहीत, ८ आणि ३१ येतात. तेव्हा रेटच्या गुणोत्तराचा लॉग काढून त्याला कॉन्सन्ट्रेशनच्या गुणोत्तराच्या लॉगने भागा. इथे गुणोत्तर ३.८८ येतं, त्याचा लॉग ०.५८८. त्याला २ च्या लॉगने, म्हणजे ०.३०१ ने भागलं की १.९५ येतं. ही ऑर्डर २ धरायला हरकत नाही. पण कॉन्सन्ट्रेशन दुप्पट करून रेट २.८ पट झाला तर तो घाईने ३ किंवा २ करू नका. लॉगने ऑर्डर १.५ च्या अगदी जवळ येते, आणि तशी ऑर्डर खरोखर असते. ॲसिटाल्डिहाइड तापवून फोडताना दीडच ऑर्डर मिळते. रेट विरुद्ध कॉन्सन्ट्रेशनच्या ग्राफवर दीडची आणि दोनची वक्ररेषा नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखू येत नाही. तिथे आडव्या अक्षावर कॉन्सन्ट्रेशनचा वर्ग घेऊन ग्राफ पुन्हा काढायचा. बिंदू शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर बसले तर ऑर्डर २, आणि रेषा हळूहळू आडवी व्हायला लागली तर दोनपेक्षा कमी.