विश्वोत्पत्तीच्या कथा : उच्चारलेला शब्द आणि सोन्याचे अंडे

प्रश्न : काही धर्मांत देव नुसता बोलतो आणि जग निर्माण होते, तर काही ठिकाणी ते अंड्यातून बाहेर येते. या दोन पूर्णपणे वेगळ्या कल्पना आहेत का? की एकीवरून दुसरी आली?

उत्तर : या दोन कल्पनांना परस्परविरोधी मानण्याआधी शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडातील एक कथा वाचावी, असे मी सुचवेन, कारण तिच्यात अंडेही आहे आणि शब्दही.

कथा अशी आहे. आरंभी सर्वत्र केवळ पाणी होते. आपली प्रजा कशी वाढेल, अशी इच्छा त्या पाण्यालाच झाली. त्याने श्रम केले, तप केले आणि तापलेल्या पाण्यातून सोन्याचे अंडे उत्पन्न झाले. तेव्हा संवत्सर अस्तित्वातच नव्हते, तरीही संवत्सराइतका काळ ते अंडे तरंगत राहिले आणि त्यातून प्रजापती जन्मला. त्याने अंडे फोडले, पण पाय टेकायला जागा नव्हती, म्हणून आणखी वर्षभर तो त्या अंड्याच्याच आधाराने तरंगत राहिला. वर्ष सरल्यावर त्याने बोलण्याचा प्रयत्न केला. ‘भूः’ म्हणताच पृथ्वी झाली, ‘भुवः’ म्हणताच अंतरिक्ष आणि ‘स्वः’ म्हणताच द्युलोक झाला. मूल वर्षभराने बोलू पाहते ते याच कारणाने, असे ब्राह्मणकार लगेच सांगतो. या शब्दांच्या पाच अक्षरांतून पाच ऋतू झाले, हेही तो नोंदवतो.

येथे कामाची वाटणी स्पष्ट दिसते. अंड्यातून निर्माता येतो. जग मात्र त्याच्या उच्चारातून येते. शिवाय हा निर्माता बोलायला शिकतो आहे, आणि मला ही कथा अतिशय प्रिय आहे ती यामुळेच.

आता बायबलमधील उत्पत्ती या ग्रंथाचा पहिला अध्याय पाहा. ‘प्रकाश होवो’ हे वाक्य सर्वांच्या लक्षात राहते, परंतु त्याच्या आधीच्याच वचनात अंधार आणि खोल जलाशय उपस्थित आहेत, आणि ते जल निर्माण करण्याची आज्ञा या अध्यायात कोठेही येत नाही. दुसऱ्या दिवशी देव त्याच जलाचे मध्ये अंतराळ घालून दोन भाग करतो. शून्यातून निर्मितीचा स्पष्ट सिद्धान्त पुढे ज्यू आणि ख्रिस्ती विचारात मांडला गेला. वेगळेपण खरे म्हणजे बोलणाऱ्यात आहे. उत्पत्तीमधील देवाच्या जन्माची कथाच नाही, तर प्रजापतीला पाण्याने आणि अंड्याने जन्म दिला आहे. माझ्या मते, शब्द की अंडे यापेक्षा निर्माता स्वतः कोठून आला, हा प्रश्न या कथांना अधिक नेमकेपणाने वेगळे करतो.

इजिप्तमधील मेम्फिसच्या परंपरेत प्ताह हा देव हृदयात विचार करतो आणि जिभेने आज्ञा देतो. हा मजकूर इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या शेवटी शबाका राजाने दगडावर कोरवून घेतला. माया लोकांच्या पोपोल वुहमध्ये देव आधी आपसांत विचारविनिमय करतात आणि मग ‘पृथ्वी’ असे म्हणताच ती प्रकट होते. ही कथा युरोपीय लोक आल्यानंतर लिहून काढली गेली, त्यामुळे तिची बायबलशी तुलना सावधपणे करावी लागते.

एकीवरून दुसरी आली का, हे ठरवताना नुसते साम्य पुरत नाही. छांदोग्य उपनिषदात (३.१९) अंडे वर्षभर राहून फुटते, त्याचे रुपेरी कवच पृथ्वी होते, सोनेरी कवच आकाश, जाड आवरण पर्वत, पातळ आवरण मेघ आणि धुके, शिरा नद्या आणि आतले पाणी समुद्र होते, आणि जे जन्मले तो सूर्य. फिनलंडच्या लोकगीतांवरून लोनरोटने रचलेल्या ‘कालेवाला’च्या १८४९ च्या आवृत्तीत एक बदक जलकन्येच्या गुडघ्यावर सहा सोन्याची आणि एक लोखंडाचे अशी अंडी घालते. ती फुटल्यावर खालचा तुकडा पृथ्वी, वरचा आकाश, पिवळा बलक सूर्य आणि पांढरा भाग चंद्र होतो.

दोन्हींत समान आहे ते अंड्याच्या आकारातूनच सुचणारे आहे : फुटले की एक भाग खाली, एक वर. ज्या तपशिलांची कथेला गरज नव्हती, ते मात्र जुळत नाहीत. छांदोग्यात पक्षीच नाही, बलकाचा उल्लेख नाही, अंड्यांची संख्या एकच आहे; कालेवालात वर्षभराचे थांबणे नाही. उसनवारीचा संशय घ्यायचा तर असे अनावश्यक तपशील एकत्र जुळलेले दिसावे लागतात, आणि या दोन कथांत ते दिसत नसल्यामुळे त्या स्वतंत्रपणे सुचल्या असाव्यात, असे मानणेच मला अधिक सयुक्तिक वाटते.